झालीनंतरची चार मिनिटे

आमच्या घराण्यात मुलीच्या लग्नात बापाने उभे राहून बोलण्याची पद्धत नाही. बापाचे म्हणणे गुरुजी म्हणतात आणि बाप त्यांच्यामागून अक्षरे उच्चारतो. कन्यादानाच्या वेळी धर्म, अर्थ आणि काम यांत हिला डावलून वागू नकोस असे जावयाला सांगायचे आणि त्याने ‘नातिचरामि’ म्हणून शब्द द्यायचा. मग सगळे विधी आटोपल्यावर, वऱ्हाड निघण्याआधी, झाल. पोथीत तिला ऐरिणीदान म्हणतात. पेटलेल्या दिव्यांची टोपली मुलीचे आईवडील व्याह्यांच्या, विहीणबाईंच्या आणि सासरच्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर एकामागून एक टेकवतात आणि त्या वेळी गुरुजी एक श्लोक म्हणतात. त्याचा अर्थ असा, की आठ वर्षांची ही कन्या मी पुत्राप्रमाणे वाढवली, आता तुमच्या मुलाला दिली आहे, तिला स्नेहाने सांभाळा. त्याचे शेवटचे दोन शब्द ‘स्नेहेन पाल्यताम्’ असे आहेत.

लग्नाच्या तीन आठवडे आधी, पत्रिकांची पाकिटे भरता भरता, लेक म्हणाली, “बाबा, रिसेप्शनला तुम्ही बोलाल का? थोडंच. पण गुरुजींचं नको, तुमचं.” मी हो म्हणालो. मुलीने आयुष्यात मोजक्या वेळा काही मागितले आहे आणि हे त्यांपैकी एक होते.

त्या रात्री मी लिहायला बसलो आणि पहिल्या बैठकीत फुलस्केपची साडेतीन पाने झाली. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन ती मोठ्याने वाचली, तेव्हा घड्याळात अकरा मिनिटे चाळीस सेकंद गेले होते. हा आकडा मी पानाच्या डोक्यावर लिहून ठेवला, कारण मनात वाचताना तेच लिखाण मला पाच मिनिटांचे वाटले होते. मनातल्या वाचनात श्वास घ्यावा लागत नाही आणि थांबावेही लागत नाही. मोकळ्या जागेत, मायकवर, नुकत्याच आलेल्या लोकांसमोर माझे मिनिटाला शंभराच्या आसपासच शब्द होतात, हे मी नंतर मोजून पाहिले. म्हणजे चार मिनिटे बोलायचे तर हाती चारशे शब्द होते, आणि मी जवळजवळ बाराशे लिहिले होते.

बायकोने ती पाने वाचली. पेन्सिलीने तिने कुठेही काही खोडले नाही, फक्त समासात काही ठिकाणी ‘लोकांसाठी’ असे लिहिले आणि काही ठिकाणी ‘तिच्यासाठी’. शिक्षण, गुण, नोकरी, तिने मिळवलेली शिष्यवृत्ती, पाहुण्यांचे आभार, नागपूरच्या थंडीबद्दलचे चार शब्द, हे सगळे ‘लोकांसाठी’ निघाले. मुलीच्या नावापुढे गुणांची यादी वाचणारे बाप मी पाहिले आहेत आणि त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण यादी ऐकताना मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर उभा राहत नाही. स्थळ सांगून आले तेव्हा हीच माहिती कागदावर गेली होती. तिच्या जाण्याच्या वेळी ती पुन्हा वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. ती दोन पाने मी बाजूला ठेवली.

मग प्रश्न उरला आठवणीचा. एकच आठवण सांगायची, हे मी झालीच्या श्लोकावरून ठरवले. त्या श्लोकात बाप दोन वाक्यांत मागचे सांगतो, आताचे सांगतो आणि एक विनंती करून थांबतो. त्याचा मजकूर मला जसाच्या तसा घेता येत नव्हता. माझी मुलगी अठ्ठावीस वर्षांची आहे. तिला मी पुत्राप्रमाणे वाढवले नाही, मुलगी म्हणूनच वाढवले. आणि ती कोणाला दिली असेही माझ्या तोंडून निघाले नसते, कारण तिचा निर्णय तिने घेतला आणि आम्ही तो आनंदाने मानला. पण त्या श्लोकाची बांधणी पक्की आहे आणि त्यातला ‘स्नेहेन’ हा शब्द अजूनही पुरेसा आहे.

तीन आठवणी मी लिहून पाहिल्या आणि तिन्ही सोडल्या. एक ती आठवीत असतानाच्या तापाची होती, ज्यात मी रात्रभर तिच्या खाटेशेजारी बसलो होतो. वाचून पाहिल्यावर लक्षात आले, की त्यात ती झोपलेली आहे आणि सगळे काही मीच करतो आहे. दुसरी दहावीच्या निकालाची, ती पुन्हा यादीकडेच जात होती. तिसरी शाळेच्या स्नेहसंमेलनातली, जिच्यावर घरात आम्ही अजून हसतो. पण सासरच्या माणसांसमोर नव्या सुनेला ज्या गोष्टीने मान खाली घालावी लागेल, ती गोष्ट बापाने सांगू नये असे मला वाटते, मग ती कितीही गोड असो. चौथी आठवण मी शोधली नाही. माळ्यावरून अंथरुणे काढताना लाकडी नंदी हाताला लागला आणि ती आपोआप पुढे आली.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. सकाळी शहरात पिवळ्या आणि काळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि संध्याकाळी वस्तीवस्तीत मुलांचा पोळा भरतो. चाकांवरचे लाकडी बैल सजवून मुले ते दोरीने ओढत मैदानात आणतात, रांगेत उभे करतात, तोरण तुटते, सजावटीला बक्षीस मिळते, आणि मग मुले बैल घेऊन घरोघरी जातात व त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे थोडे पैसे किंवा खाऊ. भोसल्यांच्या काळापासून हे चालत आले आहे. दरवर्षी त्या दिवसांत महालातल्या रस्त्याकडेला वीतभरापासून कमरेइतक्या उंचीचे बैल मांडलेले दिसतात.

ती पहिलीत होती. तिचा नंदी वीतभर उंच, पांढरा, पाठीवर लाल झूल रंगवलेला. दुपारी पाऊस येऊन गेला होता आणि प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीपासून देवळाच्या मैदानापर्यंतचा रस्ता चिखलाचा झाला होता. अर्ध्या वाटेत पुढच्या एका चाकाचा खिळा निघाला आणि चाक घरंगळत जाऊन नालीत पडले. नाली भरून वाहत होती, त्यामुळे चाक काही सापडले नाही. बाकीची मुले पुढे निघून गेली होती. मी म्हणालो, दे, मी नंदीला उचलून घेतो, आपण लवकर पोचू. ती म्हणाली, “बैलाला उचलून नेत नाहीत, बाबा. आपण हळू जाऊ.” आणि तिने दोरी माझ्या हातात दिली, स्वतः वाकून नंदीचा तो मोडका कोपरा हाताने वर धरला आणि तशीच, वाकलेली, मैदानापर्यंत चालत गेली. आम्ही पोचलो तेव्हा तोरण तुटून गेले होते आणि बक्षिसेही वाटून झाली होती. तिने रांगेत राहिलेल्या रिकाम्या जागी नंदी उभा केला, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “चला.”

गोष्ट इथे संपत नव्हती. आदल्या वर्षी काटोलजवळच्या आमच्या गावी तिने पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद आणि लोण्याने चोळताना पाहिले होते. त्या रात्री जेवणे झाल्यावर ती स्वयंपाकघरातून वाटीत हळद आणि चमचाभर तूप घेऊन आली आणि नंदीच्या खांद्याला, जिथे चाक निघाले होते तिथे, बोटाने चोळत बसली. ते पिवळे बोट सकाळी शाळेत गेले.

लिहिताना मला हा शेवट सगळ्यांत आवडला होता, आणि भाषणातून तोच मी काढला. लग्नाच्या मांडवात हळदीचे नाव निघताच ऐकणाऱ्याचे मन लगेच कालच्या हळदीकडे जाते. त्या पोरीने नंदीसाठी जे केले होते ते मग बाजूला पडते आणि बापाने किती छान जुळवून आणले एवढेच उरते. शिवाय मला स्वतःला तिथे आवाज आवरला नसता. भाषण मैदानावर, ‘चला’ या शब्दावर थांबणे बरे, असे मी ठरवले.

दुसरी अडचण अशी, की व्याही सांगलीचे. तिकडे बैलांचा सण बेंदूर, आणि तान्हा पोळा त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नव्हता. वर मी जेवढे समजावून सांगितले आहे तेवढे मांडवात सांगायला एक मिनिट लागले असते आणि चारातले एक मिनिट गेले म्हणजे फार गेले. तीनदा लिहून झाल्यावर ते दोन वाक्यांत बसले, आणि बसले ते ‘तुमच्याकडचा बेंदूर’ या शब्दांमुळे. ऐकणाऱ्याच्या घरातली वस्तू त्याच्या हाती दिली की बाकीचे तो स्वतःच समजून घेतो.

आता आवाजाचे. गच्चीवर रोज एकदा मोठ्याने वाचायचे असा मी नेम ठेवला आणि चौथ्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. माझा गळा दरवेळी एकाच ठिकाणी दाटत होता, आणि ते ठिकाण निरोपाच्या वाक्यात नव्हते. ते ‘आपण हळू जाऊ’ या तिच्या शब्दांपाशी होते. माझे शब्द मला पेलत होते, तिचे पेलत नव्हते. कान-नाक-घशाचे डॉक्टर असलेल्या एका मित्राला विचारले, तेव्हा त्याने सांगितले, की रडू येऊ लागले की शरीर जास्त हवेसाठी घशाची फट उघडी ठेवू पाहते, आणि आपण गिळायला गेलो की तीच फट मिटावी लागते. या ओढाताणीला आपण आवंढा म्हणतो. म्हणून अशा वेळी गिळत राहू नये, आधी सावकाश श्वास सोडावा, मग घोटभर पाणी घ्यावे आणि मग बोलावे. थांबलेले तीन सेकंद बोलणाऱ्याला फार लांब वाटतात, ऐकणाऱ्याला ते कळतही नाहीत.

त्यावरून मी त्या जागेची वाक्ये फोडली. आधी तिचे शब्द एका लांब वाक्याच्या टोकाला येत होते, म्हणजे श्वास संपत आलेला असताना. आता त्यांच्याआधी ‘ती म्हणाली’ एवढे दोन शब्द ठेवले, तिथे पूर्णविराम दिला, आणि कागदावर शिसपेन्सिलीने एक उभी रेघ ओढली. रेघ आली की थांबायचे आणि श्वास सोडायचा. पाठांतर केले नाही. पाठ केलेले वाक्य एकदा अडले की पुढचे सापडत नाही, समोर कागद असला की सापडते.

कागद म्हणजे उरलेल्या लग्नपत्रिका. त्या जाड असतात, हातात थरथरत नाहीत, आणि त्यांची मागची बाजू कोरी असते. तीन पत्रिकांच्या पाठीवर मोठ्या अक्षरात सगळे बसले. लॉनवरच्या साउंडवाल्या मुलाला संध्याकाळी जाऊन भेटलो आणि दोन गोष्टी मागितल्या. मायक हातात नको, स्टँडवर हवा, कारण मन भरून आले की हात आपोआप खाली जातो आणि आवाज नेमका तेव्हाच नाहीसा होतो. आणि गाणे एकदम बंद न करता हळूहळू उतरवावे. त्याने मला स्टँड स्पीकरच्या मागच्या बाजूला लावून दिला, म्हणजे मायक शिट्टी मारणार नाही. वेळ सव्वाआठची ठरवली. त्यानंतर स्टेजवर भेटीला रांग लागते, जेवणाचे काउंटर उघडतात, आणि मग कोणी कोणाचे ऐकावे अशी अपेक्षा करणे बरोबर नाही.

दुपारी झाल झाली. टोपली व्याह्यांच्या डोक्यावर टेकवताना गुरुजींनी तो श्लोक म्हटला आणि मी त्यांच्यामागून म्हटला. संध्याकाळी सव्वाआठला, डिसेंबरच्या थंडीत, शाली पांघरलेल्या दीडएकशे माणसांसमोर मी जे बोललो ते असे:

“सर्वांना नमस्कार. मी थोडेच बोलणार आहे.

आज दुपारी झालीच्या वेळी गुरुजींनी माझ्याकडून एक श्लोक म्हणवून घेतला. त्यात मुलीचा बाप व्याह्यांना म्हणतो, हिला स्नेहाने सांभाळा. मला माझ्या भाषेत तेच सांगायचे आहे, आणि त्यासाठी तिच्या लहानपणची एक गोष्ट सांगतो.

तुमच्याकडे बेंदूर असतो, तसा आमच्याकडे पोळा. त्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात लहान मुले चाकांचे लाकडी बैल ओढत मैदानात नेतात. ती सहा वर्षांची होती. पाऊस पडून गेला होता, वाटेत तिच्या नंदीचे एक चाक निघाले आणि वाहत्या नालीत गेले. सगळी मुले पुढे गेली. मी म्हणालो, दे, मी उचलून घेतो. ती म्हणाली. ‘बैलाला उचलून नेत नाहीत, बाबा. आपण हळू जाऊ.’

तिने दोरी माझ्या हातात दिली आणि मोडका कोपरा स्वतःच्या हाताने धरून, वाकून, ती मैदानापर्यंत चालली. आम्ही पोचलो तेव्हा सगळे संपले होते. तिने नंदीला रांगेतल्या रिकाम्या जागी उभे केले, थोडा वेळ थांबली, आणि म्हणाली, ‘चला.’

आज बावीस वर्षांनी ती तशीच आहे. हाती घेतलेले ती टाकत नाही आणि म्हणून कधी कधी तिला उशीर होतो. व्याहीबुवा, विहीणबाई, जावईबापू, माझी विनंती एवढीच आहे, की अशा वेळी तुम्ही पुढे निघून जाऊ नका. दोरी धरा आणि तिच्या चालीने चाला.

बेटा, घराची एक किल्ली तुझ्याजवळ आहे. ती परत करू नकोस. आईने आणि मी ठरवले आहे, की कुलूप बदलायचे नाही.

तुम्ही दोघे सुखात राहा.”

रेघेपाशी मी थांबलो. श्वास सोडला, पाणी घेतले. समोरच्या रांगेत माझा तो डॉक्टर मित्र बसला होता. मी त्याच्याकडे पाहिले, लेकीकडे पाहिले नाही, आणि पुढचे वाक्य नीट गेले. जिथे आवाज जाईल असे कधीच वाटले नव्हते तिथे तो गेला, ‘कुलूप’ या शब्दावर. गच्चीवर वीसेक वेळा तो शब्द सहज उच्चारला होता. पण तेव्हा किल्ली घरातच होती, दाराजवळच्या खिळ्याला. तो शब्द मी दुसऱ्यांदा उच्चारला आणि वाक्य पुरे केले. घड्याळ पाहणाऱ्या भाच्याने नंतर सांगितले, की चार मिनिटे दहा सेकंद झाले.

टाळ्या वाजल्या, गाणे हळूहळू वर चढले आणि लोक स्टेजच्या पायऱ्यांकडे सरकू लागले. व्याही माझ्याजवळ आले. ते मोजके बोलणारे गृहस्थ आहेत. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारले, “चाक मग कुठं मिळालं का?” नाही मिळाले, असे मी सांगितले. ते म्हणाले, “आमच्याकडं सुतार आहे ओळखीचा.” मी त्यांच्याकडे पाहिले, ते अगदी मनापासून बोलत होते. नंदी आहे का अजून, हे त्यांनी विचारले आणि मी आहे म्हणालो.

रांगेतून वाट काढत लेक आली. शालूचा पदर सावरत ती वाकली आणि कानाशी म्हणाली, “बाबा, हळदीचं का नाही सांगितलं?”

तिला ते आठवत असेल असे मला वाटले नव्हते. मी म्हणालो, “ते तुझ्याजवळ असू दे.”

तिने मान हलवली. स्टेजवरून फोटोग्राफर हाक मारत होता. तिने माझ्या हातातल्या तीन पत्रिका काढून घेतल्या, नीट एकावर एक ठेवल्या, आणि स्टेजकडे गेली.